मुलाची सर्दी, फ्लू आणि ॲलर्जी वेगळी कशी ओळखायची

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. जूनपासून तिचं नाक कोरडं असं नाहीच. एक डॉक्टर म्हणाले व्हायरल सर्दी, दुसरे म्हणाले ॲलर्जी. गेल्या आठवड्यात १०३ ताप आला तेव्हा सांगितलं फ्लू. तीनदा अँटिबायोटिक देऊन झालं. नेमकं काय आहे हे घरी कसं ओळखायचं, आणि शाळेत कधी पाठवायचं?

उत्तर:

तिन्ही निदानं आपापल्या दिवशी बरोबर असू शकतात. पुण्यात लहान मुलांची प्रॅक्टिस करताना दर पावसाळ्यात मला अशी मुलं भेटतात, ज्यांना मुळात ॲलर्जी असते, त्यावर एखादी साधी सर्दी येऊन जाते आणि ऑगस्टमध्ये फ्लू होतो. घरच्यांना मात्र ती चार महिन्यांची एकच न संपणारी सर्दी वाटते. डॉक्टर त्या दिवशीचं नाक बघतात, आणि एका दिवसाचं नाक फार थोडं सांगतं. विषाणू असो की गादीतली धूळ, नाकाला येतात त्या तीनच गोष्टी: गळणं, चोंदणं आणि शिंकणं. म्हणून खोलीत आलेल्या मुलाचं नाक बघण्याआधी मी आईला तीन गोष्टी विचारतो. खाज येते का, हे सुरू कसं झालं, आणि मग दिवसागणिक कसं बदलत गेलं.

खाजेपासून सुरुवात करतो, कारण घरी ओळखायला हीच खूण सर्वांत सोपी. ॲलर्जीत नाकाच्या अस्तरातून हिस्टामिन नावाचं द्रव्य बाहेर पडतं आणि ते खाजेच्या नसांना चेतवतं. त्यामुळे शिंका एकामागून एक येतात, पाच, सात, कधी दहासुद्धा, आणि मूल तळहाताने नाक खालून वर घासतं. महिनोन्‌महिने असं घासलं की नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघ पडते. मुलीला खिडकीपाशी उजेडात उभं करून ती रेघ आहे का बघा. डोळे चोळणं, डोळ्यांखाली काळसर सावली, टाळूला खाज येते म्हणून जिभेने टक्‌टक्‌ आवाज काढणं, ही सगळी त्याच कुटुंबातली लक्षणं. पुष्कळ मुलांना हा आवाज काढू नको म्हणून ओरडा बसलेला असतो. साध्या सर्दीतही पहिले दोन दिवस शिंका येतात, पण खाज नसते, आणि डोळे लाल झाले तरी मूल ते सारखं चोळत नाही.

खाजेबरोबर वेळही बघा. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची म्हणजे डस्ट माइटची ॲलर्जी असलेलं मूल उठल्याबरोबर शिंकायला लागतं, दात घासेपर्यंत नाकातून पाणी वाहत असतं आणि शाळेत पोचेपर्यंत बरंचसं थांबलेलं असतं. शिक्षिका म्हणतात, ‘वर्गात तर ती ठीक असते,’ आणि घरच्यांना वाटतं शाळा टाळण्यासाठी नाटक चाललंय. ते नाटक नसतं. रात्रभर ती नाक उशीत खुपसून झोपलेली असते, आणि माइट राहतात त्या उशीत आणि गादीत. साध्या सर्दीला असं घड्याळ नसतं. ती सकाळी जशी त्रास देते, तशीच संध्याकाळीही देते.

आता सुरुवात. फ्लूचं मूल आजारी कधी पडलं हे पालक बहुधा तासासकट सांगतात. ‘मधल्या सुट्टीत डबा खाल्ला होता, शेवटच्या तासाला बाकावर डोकं टेकलं, घरी आला तेव्हा अंग भाजत होतं.’ ताप १०२ ते १०४ पर्यंत चढतो, थंडी वाजते, डोकं आणि अंग दुखतं, कोरडा खोकला सुरू होतो. लहान शाळकरी मुलांना उलट्याही होतात. नाक गळतं, पण मूल इतकं गळून गेलेलं असतं की नाकाकडे कुणाचं लक्षच जात नाही. आवडता पदार्थ समोर ठेवला, टीव्ही लावला, तरी ते पडून राहतं. साध्या सर्दीची चाल हळू असते. आधी घशात खवखव, दुसऱ्या दिवशी नाकातून पाणी, थोडी कणकण. ताप आलाच तर बहुधा १०१ च्या आत आणि एक-दोन दिवसांपुरता. पॅरासिटामॉल दिलं की तासाभरात असं मूल खेळायला लागतं. ॲलर्जीत ताप येतच नाही. ताप मोजला आणि खरोखर निघाला, तर त्या दिवशी ॲलर्जीशिवाय दुसरं काहीतरी चाललेलं आहे, हे नक्की धरा.

तिसरी गोष्ट दिवसांची वाट, आणि तुमच्या तीन अँटिबायोटिकांचं मूळ मला इथे दिसतं. साध्या सर्दीत पहिले दोन-तीन दिवस शेंबूड पाण्यासारखा असतो, चौथ्या-पाचव्या दिवशी घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, मग परत पातळ होत सात ते दहा दिवसांत थांबतो. खोकला आणखी आठवडाभर रेंगाळू शकतो. हिरवा रंग दिसला की ‘इन्फेक्शन वाढलं’ म्हणून घरोघरी घबराट होते. खरं तर तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या हिरवट रंगाच्या एका विकराचा असतो. विषाणूशी झुंजायला नाकात जमलेल्या त्या पेशी तिथे फुटतात आणि शेंबडाला रंग येतो. केवळ रंगासाठी अँटिबायोटिक देण्याचा काही उपयोग नाही. सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाला असावा अशी शंका तीन प्रसंगी घ्यावी. दहा दिवस होऊनही सर्दी आणि खोकला तसूभरही कमी नाही. किंवा सहाव्या-सातव्या दिवशी बरं वाटायला लागलं आणि मग पुन्हा ताप, पुन्हा घट्ट शेंबूड. किंवा पहिल्याच तीन-चार दिवसांत १०२ च्या वरचा ताप आणि पूसारखा स्राव एकदमच. तुमच्या मुलीच्या तिन्ही वेळांपैकी यातलं काही होतं का, हे आठवून बघा.

ॲलर्जीला अशी सुरुवात आणि शेवट नसतोच. ती आठवडेच्या आठवडे चालते आणि शेंबूड पांढऱ्या पाण्यासारखाच राहतो.

हे सगळं एका मुलावर कसं दिसतं ते सांगतो. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला, नऊ वर्षांचा, वजन २४ किलो. तक्रार तुमचीच. मी वडिलांना सांगितलं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिता, त्याच चौकोनात रोज रात्री चार अक्षरं लिहा. सकाळी शिंका आल्या तर ‘शि’, खाज असेल तर ‘ख’, ताप असेल तर मोजलेला आकडा, आणि शेंबूड पाणी की घट्ट. सहा आठवड्यांनी ते कॅलेंडरची पानं काढून घेऊनच आले.

त्या ४२ दिवसांतल्या २६ दिवशी ‘शि’ आणि ‘ख’ जोडीने लिहिलेलं होतं, बहुतेक ठिकाणी ताप नव्हता आणि शेंबूड पाण्यासारखा. ही झाली ॲलर्जी. मध्येच, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवस घसा दुखला, एक दिवस १००.२ ताप, मग चार दिवस घट्ट पिवळा शेंबूड. त्याच सुमाराला मोठी बहीणही शिंकत होती. आठव्या दिवशी हे सगळं निवळलं. म्हणजे ॲलर्जीवर आलेली साधी सर्दी. ती गेली तरी सकाळच्या शिंका चालूच राहिल्या, आणि म्हणून घरच्यांना वाटलं की सर्दी बरीच झाली नाही. तेव्हाच त्यांनी दुकानातून अँटिबायोटिक आणलं होतं.

सलग चार दिवस मात्र चौकोन कोरे होते. ‘काय झालं होतं?’ असं विचारल्यावर आई म्हणाली, ‘तेव्हा आजीकडे होतो, वाईला.’ तिथे तो जमिनीवर सतरंजी आणि धुतलेली चादर टाकून झोपला होता. घरी त्याची कापसाची गादी बारा वर्षांची होती आणि पलंग पावसाने ओल आलेल्या भिंतीला टेकलेला. तपासणीवर मी एक पैसा खर्च करायला लावण्याआधीच त्या चार कोऱ्या चौकोनांनी कारण दाखवून दिलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला एक चौकोन वेगळा होता. दुपारी तीन वाजता शाळेतून फोन, ताप १०३.२. वर्गातली सात मुलं त्या आठवड्यात गैरहजर होती. पुढचे चार दिवस ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि लहान लाट जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास, त्यामुळे ऑगस्टमधलं हे चित्र फ्लूला साजेसंच होतं. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि सकाळी मुलगा पलंगावरून उतरेना. पोटऱ्या धरून रडत होता, चाललाच तर चवड्यांवर. आईवडील घाबरून धावत आले, आणि त्यांचं घाबरणं अगदी रास्त होतं.

हे शाळकरी मुलांना फ्लूनंतर होतं, विशेषतः इन्फ्लुएंझा ‘बी’नंतर. पोटरीच्या स्नायूंना तात्पुरती सूज येते आणि रक्तात सीपीके नावाचं स्नायूंचं विकर वाढतं. या मुलाचंही वाढलेलं होतं. साधारण आठवड्याच्या आत ते आपोआप बरं होतं, तोवर विश्रांती, भरपूर पाणी आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल. हा मुलगा तिसऱ्या दिवशी धावत होता. पण दोन गोष्टी तिथल्या तिथे बघाव्या लागतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायूंचा त्रास मूत्रपिंडापर्यंत पोचतोय. आणि पाय दुखण्याऐवजी लुळे पडत असतील, अशक्तपणा वर चढत असेल, तर तो वेगळाच, गंभीर आजार असू शकतो. दोन्हीत थेट रुग्णालय गाठायचं.

ऑगस्टमधल्या तापाबद्दल आणखी एक इशारा. तापाबरोबर नाक गळत नाही, खोकला नाही, पण डोकं, डोळ्यांच्या मागे आणि अंग खूप दुखतंय, तर मी फ्लूऐवजी डेंगू आणि मलेरियाचा विचार आधी करतो. नाक आणि खोकला जोरात असतील तर डेंगूची शक्यता घटते, संपत नाही. म्हणून पावसाळ्यात तापाला मी पहिले काही दिवस फक्त पॅरासिटामॉल द्यायला सांगतो. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन यांमुळे डेंगूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर फ्लूच्या मुलाला कधीच देऊ नये, त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.

पॅरासिटामॉलचा हिशेब वजनावर करा: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. २४ किलोच्या मुलाला एका वेळी २४० ते ३६० मिलिग्रॅम झाले. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ५ ते ७ मिलिलिटर. दोन डोसांत निदान चार ते सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात, तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचूनच मोजा. सर्दीच्या पुष्कळ मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं असं दोन्ही दिलं की नकळत दुप्पट डोस होतो. त्या मिश्र सिरपांनी मूल झोपाळू होतं, ते वेगळंच. मग ‘गळून गेलंय’ ते आजाराने की औषधाने, हेच कळत नाही.

फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा उपयोग जास्त होतो. एरवी धडधाकट मूल घरी बरं होत असेल तर ते लागतंच असं नाही. दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह असलेल्या मुलात, किंवा श्वासाचा त्रास सुरू झालेल्या मुलात मी ते लगेच सुरू करतो, रिपोर्टची वाट न बघता. नाकातल्या स्रावाची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली तर फ्लू आहेच असं धरायला हरकत नाही, पण निगेटिव्ह आली म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी घेता येते. ती साध्या सर्दीपासून वाचवत नाही, हे आधीच सांगतो, कारण नंतर ‘लस घेऊनही सर्दी झाली’ म्हणून लोक ती सोडून देतात.

त्या मुलाच्या ॲलर्जीचं काय केलं? गादी काढून टाकली, उशीला चेन असलेलं अभ्रं-कवच घातलं, पलंग ओल्या भिंतीपासून दूर सरकवला. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवायचे, कारण कोमट पाण्यात माइट मरत नाहीत. झाडूऐवजी ओलं फडकं. झोपायच्या खोलीत उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती बंद. औषध म्हणून नाकातला स्टिरॉइड स्प्रे, दिवसातून एकदा, आणि सुरुवातीचे काही दिवस झोप न आणणारं ॲलर्जीचं औषध.

‘स्टिरॉइड’ ऐकताच आईचा चेहरा उतरला. तेव्हा मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. स्प्रेचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो मुख्यतः नाकाच्या अस्तरावरच काम करतो. दीर्घकाळ चालू ठेवला तर मी दर सहा महिन्यांनी मुलाची उंची मोजतो आणि लागेल तेवढ्याच कमी डोसवर ठेवतो. खरी अडचण वेगळीच असते: स्प्रे चुकीचा मारला जातो. डोकं मागे टाकून, जोरात हुंगून मारला की औषध घशात उतरतं. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं. आधी नाक शिंकरून घ्यायचं, डोकं किंचित पुढे झुकवायचं, उजव्या नाकपुडीसाठी स्प्रे डाव्या हातात धरायचा आणि डाव्यासाठी उजव्या, म्हणजे टोक आपोआप त्या बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. हलका श्वास घ्यायचा. आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायचा नाही. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. तीन आठवड्यांनी या मुलाच्या कॅलेंडरवर २१ दिवसांत ‘शि’ पाच वेळा होतं. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांच्या वर वापरू नका, नाक उलट जास्त चोंदतं.

आयजीई हे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन, पण एकूण आयजीई तपासून आणा, असं मी सहसा सांगत नाही. ते जंतांनीही वाढतं. त्वचेवर करायची ॲलर्जी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी शरीर त्या गोष्टीला ओळखतं एवढंच कळतं, त्रास तिचाच आहे का ते नाही. कॅलेंडरवरून कारण सापडलं नाही किंवा औषधांनी नीट आराम पडला नाही, तर ती टेस्ट करावी.

कॅलेंडरने उलगडणार नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. रात्री किंवा धावल्यावर खोकला येतो आणि छातीत शिट्टीसारखा आवाज होतो, तर दमा तपासून घ्या. ॲलर्जीच्या नाकाबरोबर तो वरचेवर असतो. तोंड उघडं ठेवून झोपणं आणि मोठं घोरणं असेल तर नाकाच्या मागे असणारी अॅडेनॉइड नावाची गाठ वाढलेली असू शकते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत काही अडकलेलं असू शकतं.

आणि कोणतंही निदान असो, या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दाखवा: ताप उतरलेला असताना, स्वस्थ असताना मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास किंवा बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर, आठ तास लघवी नाही, मूल गुंगीत किंवा असंबद्ध बोलतंय, आकडी आली, पोटात सतत दुखतंय किंवा उलट्या थांबत नाहीत, मोठा ताप तीन दिवसांच्या पुढे, किंवा एक दिवस पूर्ण उतरून पुन्हा चढलेला.

राहिला शाळेचा प्रश्न. फ्लूनंतर पॅरासिटामॉल न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, अंगात खेळण्याइतकी ताकद आली, की पाठवा. उरलेल्या खोकल्यासाठी कोपरात खोकायला शिकवा. त्या आठवड्यात पीटीच्या तासाला मात्र बसवून ठेवायला सांगा, पोटऱ्या दुखत असतील तर नक्कीच. साध्या सर्दीत ताप नसेल आणि ती वर्गात बसू शकत असेल तर घरी ठेवायचं कारण नाही. रुमाल आणि हात धुणं तेवढं बघा. ॲलर्जीच्या शिंका कुणालाच लागत नाहीत, तेव्हा त्यासाठी एकही दिवस बुडवू नका. वर्गशिक्षिकेला दोन ओळींची चिठ्ठी द्या की हे संसर्गाचं नाही, तिला शेवटच्या बाकावर वेगळं बसवू नये, आणि फळा पुसताना खडूची धूळ उडते म्हणून पहिल्या बाकावरही नको.